पणजीचं नाव सायली कसं असेल?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीनं एक कथा लिहिली. आमच्याच घरातली, म्हणजे तिच्या पणजीची. १९३८ साली सांगलीकडची सोळा वर्षांची एक मुलगी लग्न होऊन वडोद्याला येते, सासरी तिचं नाव बदलतात, आणि पुढची साठ वर्षं ती त्या दुसऱ्या नावानं जगते. एवढंच कथानक. भाचीनं ती कथा माझ्या आईला, म्हणजे तिच्या आजीला, वाचून दाखवली. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. पहिलं पान होईपर्यंत ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "छान लिहिलंयस गं. पण ही माझी आई नव्हे. या नावानं कुणी हाक मारली असती तर तिनं मागे वळूनही पाहिलं नसतं."

कथेतल्या नायिकेचं नाव होतं सायली.

भाची हिरमुसली. "खरं नाव वापरायचं नाही, असं तूच म्हणालीस ना?" हेही खरंच होतं. आपल्या गावातली मराठी घरं एकमेकांना ओळखतात. दांडिया बाजारातलं एखादं खरं आडनाव कथेत आलं की दुसऱ्या दिवशी फोन येतो. म्हणून सगळी नावं नवी हवी होती, आणि ती खोटी वाटायलाही नको होती. मग आम्ही दोघी एका रविवारी वही घेऊन बसलो. त्या दिवशी जे कळलं ते इथं लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी आजी-आजोबांची गोष्ट, एकांकिका किंवा दिवाळी अंकासाठी कथा लिहीत असाल, तर त्याचा उपयोग होईल.

कथेचं साल नको, जन्माचं साल बघा

भाचीच्या पहिल्या खर्ड्यातली माणसं अशी होती: नायिका सायली, नवरा सुहास, नणंद सुमेधा, सासू सरलाबाई, मोलकरीण शांती, शेजारचे जिग्नेशभाई, आणि आडनाव गायकवाड. तिनं विचार केला होता, नाही असं नाही. "सायली म्हणजे फूल, जुनं नाव वाटतं," असं तिचं म्हणणं. फूल जुनंच आहे. पण मुलीचं नाव म्हणून 'सायली' घरोघरी आलं ते तिच्या स्वतःच्या पिढीच्या थोडं आधी. १९२०-३०च्या सुमाराला फुलाचं नाव ठेवायचं म्हटलं तर कुसुम, कमल, सुमन, मालती असं काही सुचत असे.

पहिलं काम आम्ही केलं ते वजाबाकीचं. कथा १९३८ची आहे म्हणून सगळ्यांची नावं १९३८ची असत नाहीत. नाव बारशाला ठेवतात. त्यामुळे प्रत्येकाच्या वयावरून जन्मसाल काढायचं, आणि ते नाव ठेवणारे आईबाप त्याहूनही वीस-पंचवीस वर्षं जुने असतात हे लक्षात ठेवायचं.

नायिका सोळाची, म्हणजे जन्म १९२२. नवरा तेवीसचा, जन्म १९१५. नणंद बाराची, जन्म १९२६. सासू चव्वेचाळीसची, जन्म १८९४. मोलकरीण पस्तिशीची, जन्म १९०३. एका घरातली पाच माणसं, पण त्यांच्या जन्मात बत्तीस वर्षांचं अंतर. १८९४च्या मुलीला नाव मिळालं असेल ते गंगा, काशी, भागीरथी, रमा, राधा यांच्यापैकी. १९२६च्या मुलीला शहरात इंदुमती, शालिनी, प्रमिला, नलिनी अशी 'शिकलेली' नावं मिळू लागली होती. सासू आणि नणंद यांची नावं एकाच चवीची असतील तर वाचकाला कारण सांगता येणार नाही, पण घर खोटं वाटेल.

यात एक मेख आहे. नव्या धर्तीची नावं शहरातल्या शिकलेल्या घरांत आधी आली आणि गावाकडे उशिरा पोचली. म्हणून १९२२ साली पुण्यात जन्मलेली मुलगी नलिनी असू शकते, पण सांगलीजवळच्या लहान गावात भिक्षुकी करणाऱ्या बापाची मुलगी बहुधा देवाच्या किंवा नदीच्या नावाची असेल.

काळाच्या पुढची नावं नव्हतीच असं मात्र नाही. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५चा. त्या काळात हे नाव महाराष्ट्रात कुठून आलं? त्या ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं गेलं. लता मंगेशकरांचं आधीचं नाव हेमा. 'भावबंधन' नाटकातल्या लतिका या पात्रावरून वडिलांनी पुढे लता केलं. म्हणजे वेगळं नाव चालतं, पण त्यामागे एखादी जागा, एखादं नाटक, कुणाची तरी हौस असते. ते कारण कथेत एका वाक्यात येणार असेल तर खुशाल वेगळं नाव ठेवा. येणार नसेल तर वाचकाला ती लेखकाची चूक वाटते.

दोन नद्या

आईला विचारलं, सांगलीकडे मुलींची नावं काय असायची? ती लगेच म्हणाली, "कृष्णा. घाटावर एकीला हाक मारली तर चौघी वळायच्या." कृष्णा नदी सांगलीवरूनच जाते. नायिकेचं माहेरचं नाव मिळालं.

पण लगेच दुसरी अडचण. आजच्या वाचकाला कृष्णा म्हणजे मुलगा वाटेल. नाव बरोबर असून घोटाळा करणारं. अशा वेळी बरोबर नाव सोडून द्यायची घाई करू नये. मराठीचा एक फायदा असा की क्रियापद लिंग सांगून टाकतं. 'कृष्णा घाटावरून धावत आली' हे पहिलंच वाक्य असेल तर शंका उरत नाही. शिवाय घरात तिला पूर्ण नावानं कोण हाक मारणार? ती 'कृष्णी'च असणार. आम्ही निवेदनातही कृष्णीच ठेवलं. वाचायला सोपं, आणि त्या हाकेतच तिचं माहेर आहे.

मोलकरणीचं 'शांती' हे नाव भाचीनं मालिकांमधून उचललं होतं. वडोद्यातल्या घरी कामाला येणारी बाई बहुधा गुजराती बोलणारी, आसपासच्या गावातली. नर्मदा तिथून जवळ. नर्मदेचं दुसरं नाव रेवा. म्हणून ती झाली रेवा, गुजराती शेजाऱ्यांच्या तोंडी रेवाबेन. एक कृष्णेकाठची, एक नर्मदेकाठची. दोघींना आपापल्या नदीचं नाव. फरक इतकाच की मोलकरणीचं नाव जन्मभर तिचंच राहिलं.

भाची हसली. तिच्या सोसायटीत चार वर्षांची एक रेवा आहे, चांगल्या पैसेवाल्या घरातली. अगदी बरोबर. नावाचा वर्ग कायमचा ठरलेला नसतो. १९०३ची रेवा आणि आजची रेवा वेगळ्या घरांतल्या असतात. नाव ऐकून 'हे गरिबांचं' किंवा 'हे श्रीमंतांचं' वाटतं, ते आपल्या काळाच्या कानांनी ऐकतो म्हणून.

शेजारच्या जिग्नेशभाईंनाही हाच नियम लावला. जिग्नेश हे बऱ्याच नंतरच्या गुजराती मुलांचं नाव. १९३८चे पन्नाशीतले शेजारी झाले चिमनलाल. शेजारच्या भाषेतली नावं आपण वापरतो तेव्हा ही चूक फार होते, कारण त्या भाषेतली आपल्या ओळखीची सगळी नावं आपल्याच वयाची असतात. बेळगावच्या कथेतली कानडी नावं किंवा इंदूरच्या कथेतली हिंदी नावं निवडताना त्या भाषेतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या आजोबांचं नाव विचारावं.

भिकू हा नोकरच कशाला हवा?

सगळ्यात मोठा वाद झाला तो नवऱ्याच्या नावावर. भाचीला 'सुहास' सोडवेना. मी म्हटलं, १९१५चा आहे, प्रभाकर किंवा दत्तात्रय ठेव. तेवढ्यात आई म्हणाली, "भिकू ठेवा की. आमच्याकडे होते एक भिकूतात्या."

"हिरोचं नाव भिकू?" भाची जवळजवळ ओरडलीच.

तिचाही दोष नाही. नाटकांनी आणि सिनेमांनी भिकू, धोंडू, दगडू ही नावं नोकरांना आणि विनोदी पात्रांना वाटून टाकली आहेत. ती ठेवण्यामागचं कारण मात्र वेगळं होतं. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्या मुलाला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं. भिकेत मिळालेला, दगडासारखा, कुणाची नजर लागू नये असा. हे सगळ्या थरांत चालायचं. महर्षी कर्वे यांचं नाव धोंडो केशव. पुण्याचे दगडूशेठ हलवाई चांगले सधन व्यापारी. म्हणजे ही नावं गरिबी सांगत नाहीत. या घरात एखादं मूल गेलं असावं, एवढंच ती सुचवतात.

हे ऐकून भाची गप्प झाली आणि मग तिनंच कथा पुढे नेली. सासूची दोन मुलं गेली होती. तिसऱ्याचं नाव ठेवलं भिकाजी. तो शिकला, सरकारी कचेरीत लागला, कादंबऱ्या वाचू लागला. कचेरीत सही करताना तो 'बी. व्ही.' लिहितो, पूर्ण नाव टाळतो. आणि लग्नात बायकोचं नाव ठेवायची वेळ येते तेव्हा आपल्याला हवं होतं तसं एक नवं, सुरेख नाव तिला देतो: शालिनी. स्वतःचं नाव बदलता आलं नाही म्हणून त्यानं तिचं बदललं. तिला ते नको होतं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

पहिल्या खर्ड्यात नवरा नुसता वाईट होता. नाव बदलल्यावर तो माणूस झाला. स्वभाव आणि नाव यांचं नातं असं असतं. नाव ठेवलं जातं तेव्हा स्वभाव कुणालाच ठाऊक नसतो. म्हणून खाष्ट सासूला कर्कश नाव आणि गरीब सुनेला मवाळ नाव दिलं की लेखकाचा हात दिसतो. नाव आईबापांची इच्छा किंवा भीती सांगतं. त्या नावाखाली माणूस कसा जगतो, तिथं स्वभाव दिसतो.

एक बाई, पाच नावं

आता आपल्या घरांतली खास अडचण. गृहप्रवेशानंतर ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, की एका बाईची दोन नावं झाली. वडोद्यात याचं उदाहरण भर चौकात उभं आहे. रावपुऱ्याचा टॉवर, म्हणजे चिमणाबाई टॉवर, १८९६ साली बांधला तो सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नीच्या स्मरणार्थ. त्या तंजावरच्या, माहेरचं नाव लक्ष्मीबाई. त्यांच्या निधनानंतर महाराजांचं दुसरं लग्न झालं ते गजराबाई घाटगे यांच्याशी, आणि त्यांचंही नाव चिमणाबाईच ठेवलं. दोन बायका, दोन माहेरं, चार नावांपैकी दोन सारखी. इतिहासकार त्यांना पहिल्या आणि दुसऱ्या चिमणाबाई म्हणून सुटतात. कथाकाराला तशी सोय नाही.

आमच्या नायिकेला माहेरी कृष्णी म्हणतात, नवरा चारचौघांत नावच घेत नाही, सासरची वडील मंडळी शालिनी किंवा सूनबाई म्हणतात, चिमनलालांच्या घरी ती शालिनीबेन, आणि पुढे मुलांची आई. वाचकाला पाच बायका वाटायला नकोत. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. निवेदनानं शेवटपर्यंत एकच नाव वापरायचं, आणि बाकीची नावं फक्त कुणाच्या तरी तोंडून यायची. नवं नाव पहिल्यांदा येईल त्या प्रसंगात तिनं ओ द्यायची किंवा वळून बघायचं, म्हणजे कोणाला हाक मारली ते कळतं.

निवेदनाचं नाव कोणतं? भाचीनं क्षणभरही न थांबता सांगितलं, कृष्णी. घरातलं प्रत्येक जण तिला शालिनी म्हणतं, पण कथा तिला कृष्णीच म्हणते. यापुढे काही सांगायची गरजच उरली नाही.

हीच काळजी उलट बाजूनंही घ्यावी लागते. १९३८ची ती सून नवऱ्याला नावानं हाक मारणार नाही. 'अहो' म्हणेल, त्याच्याविषयी बोलताना 'इकडून' म्हणेल. भिकाजी हे नाव तिच्या तोंडी उखाण्यात एकदाच येईल. खर्ड्यात ती दर दोन ओळींना "सुहास, ऐका ना" म्हणत होती.

डोळ्यांना चुकवणारी नावं

यानंतर आम्ही सगळी नावं एकाखाली एक लिहिली आणि फक्त पहिली अक्षरं वाचली. पहिल्या खर्ड्यात सायली, सुहास, सुमेधा, सरलाबाई: चार स. भरभर वाचणारा पूर्ण नाव वाचत नाही. पहिलं अक्षर आणि नावाची लांबी बघून पुढे जातो. सुमेधा आणि सुहास एका परिच्छेदात आले की तो थबकतो.

मराठी घरात याहून मोठी अडचण नात्यांच्या नावांची. आई, आजी, आजोबा, आत्या, आक्का, अण्णा, अप्पा, सगळे अ-आ मध्ये. नात्यांनीच घर भरलं तर पानभर आ दिसतो. आम्ही त्यातलं एकच ठेवलं. सासरे झाले नाना, सासू माई, आणि घरातली विधवा आत्या नुसती आत्या न राहता ठकूआत्या. नणंद झाली इंदू. आता यादी अशी: कृष्णी, भिकू, इंदू, माई, नाना, ठकूआत्या, रेवा, चिमनलाल. प्रत्येकाचं पहिलं अक्षर वेगळं.

हा नियमही ताणायचा नाही. सख्ख्या भावंडांची नावं खऱ्या घरांत जुळती असतात. सुनील-सुधीर, मीना-नीना अशी घरं तुम्हीही पाहिली असतील. ती जोडी गोष्टीत एकत्रच वावरणार असेल तर जुळती नावं गोडच लागतात. दोघांचं काम वेगळं असेल तेव्हाच ती त्रास देतात.

आडनाव

उरलं आडनाव. भाचीनं वडोदं म्हणून गायकवाड घातलं होतं. पण कथेतलं घर कारकुनाचं, सोवळ्याओवळ्याचं, सासरे विष्णुपंत. 'पंत' ही ब्राह्मणी घरातली हाक. गायकवाड आडनावाच्या घरात ती बसत नाही. आपल्या वाचकांना हे लगेच खटकतं. फडणवीस, चिटणीस अशी कामावरून आलेली आडनावं चालली असती, पण ती गावात मोजक्या घरांची. लगेच बोट दाखवलं गेलं असतं.

मार्ग साधा निघाला. एकाच नावाची गावं महाराष्ट्रात ढिगानं आहेत: वडगाव, पिंपळगाव, निमगाव. त्यांना 'कर' लावलं की आडनाव खरं वाटतं आणि नेमक्या कुणाकडे बोट जात नाही. घर झालं वडगावकरांचं. एक दक्षता तेवढी घ्यायची. आपल्या मंडळाच्या जुन्या अहवालात सभासदांची यादी असते, ती एकदा चाळायची आणि आपलं जमलेलं पूर्ण नाव त्यात नाही ना, हे बघायचं.

ही यादी आणखीही उपयोगाची आहे. देवळातली देणगीदारांची पाटी, जुन्या लग्नपत्रिका, घरातल्या पोथीच्या पहिल्या पानावरच्या सह्या यांतून त्या त्या सालची नावं मिळतात. त्यातही लग्नपत्रिका सर्वांत मोलाची. मुलीचं माहेरचं नाव 'चि. सौ. कां.'च्या पुढे शेवटचं छापलेलं असतं. त्यानंतर ते कुठं दिसत नाही.

भाऊबीज

दुसरा खर्डा आईला वाचून दाखवला तेव्हा मी तिच्याकडे बघत होते. कथेत आता एक नवा प्रसंग आला होता. दर भाऊबीजेला सांगलीहून भाऊ येतो. दाराशी उभा राहून हाक मारतो, "कृष्णे!" स्वयंपाकघरातून ती बाहेर येते, आणि तिची मुलं एकमेकांना विचारतात, हे मामा कुणाला बोलावतायत?

आई डोळे मिटूनच म्हणाली, "मीच विचारलं होतं ते. पाच वर्षांची असेन."

मग तिनं तिच्या आईचं माहेरचं खरं नाव सांगितलं. मला साठ वर्षांत ते ठाऊक नव्हतं. कथेत ते नाही, इथेही लिहीत नाही. भाचीनं वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून ठेवलं आहे, समोर जन्मसाल घालून.